मर्यादेत पैसे शिल्लक, तरी पेमेंट नाकारलं: मुलांच्या आणि आईबाबांच्या खात्यातला नेहमीचा बिघाड

मुलाला किंवा वयस्कर आईबाबांना वेगळं पेमेंट खातं जोडून द्यायचं, महिन्याची मर्यादा लावायची, ठरावीक रकमेच्या वर गेलं की आपल्या फोनवर मंजुरीची विनंती यावी अशी सोय करायची. ही जोडणी कोणालाही जमते. कटकट सुरू होते ती नंतर. नातलगांची आणि ओळखीच्यांची अशी खाती मी वरचेवर मार्गी लावून देतो, आणि तक्रारी फिरून फिरून त्याच असतात.

लक्षणं

- खात्यात पैसे आहेत, अ‍ॅपमध्ये मर्यादाही शिल्लक दिसते, तरी पेमेंट नाकारलं जातं.
- मंजुरीची विनंती तुमच्या फोनवर येतच नाही, किंवा आई दुकानातून घरी पोचल्यावर येते.
- तुम्ही मंजुरी दिली, तरी तिकडे ‘व्यवहार अयशस्वी’.
- एका दुकानात कार्ड चालतं, दुसऱ्यात तेवढ्याच रकमेला चालत नाही.
- उलटा प्रकार: मंजुरी न मागताच पैसे गेले.

यातलं काहीही झालं की बहुतेक घरांत पहिला उपाय एकच होतो, मर्यादा वाढवायची. तो करू नका. कधीकधी त्याने पेमेंट जातं, पण चुकीच्या कारणाने जातं, आणि मर्यादा मग कायमची वरच राहते. दोन-तीनदा असं झालं की ज्या संरक्षणासाठी हे सगळं केलं तेच उरत नाही.

आधी एवढं ध्यानात घ्या की पेमेंटला चार वेगवेगळ्या तपासण्यांतून जावं लागतं: खात्यातली शिल्लक, तुम्ही लावलेली मर्यादा, दुकानाचा प्रकार आणि मंजुरी. चौघींपैकी कोणीही ‘नाही’ म्हटलं, तरी पडद्यावर बहुधा एकच लाल ओळ येते. म्हणून काहीही बदलायच्या आधी नकार नेमका कुठून आला ते शोधायचं. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. पहिल्या दोन फुकटच्या आणि पाच मिनिटांच्या आहेत, तेव्हा त्या गाळू नका.

१. नकाराची नोंद उघडून वाचा

अ‍ॅपमध्ये व्यवहारांची यादी उघडा आणि नाकारलेलं पेमेंट तिथे दिसतं का बघा. दिसत असेल तर त्यावर बोट ठेवून तपशील उघडा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये खरं कारण तिथे आत लिहिलेलं असतं, बाहेरच्या यादीत नसतं. नाकारलेली पेमेंटं दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या यादीत नोंदच नसेल, तर पेमेंट बहुधा तुमच्या खात्यापर्यंत पोचलेलंच नाही. दुकानाचं मशीन, नेटवर्क किंवा चुकीचा कार्ड नंबर, यांपैकी काहीतरी आहे. तुमच्या सेटिंगना हात लावायची गरज नाही.

कार्ड असेल तर दुकानाच्या पावतीवर किंवा मशीनच्या पडद्यावर कधीकधी दोन आकडी कोड येतो. मिळाला तर अर्धं काम झालं. `51` म्हणजे शिल्लक कमी. `61` म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. `65` म्हणजे किती वेळा वापरायचं याची मर्यादा संपली. हा पुष्कळांना माहीतच नसतो, कारण दिवसाला अमुक इतकेच व्यवहार अशी वेगळी अट लागलेली असते आणि रकमेकडे कितीही बघितलं तरी ती दिसत नाही. `57` म्हणजे या कार्डावर या प्रकारच्या व्यवहाराला परवानगी नाही. `91` म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडून उत्तरच आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा करून बघा. `05` आला तर त्यातून काहीच कळत नाही, कारण ते नुसतं ‘नाही’ आहे आणि बऱ्याच बँका कारण न सांगता तेवढंच पाठवतात.

आईबाबांना एवढंच सांगून ठेवा: नाकारलं गेलं की पडद्याचा फोटो काढायचा आणि लगेच पुन्हा प्रयत्न करायचा नाही. भराभर केलेले प्रयत्न फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेला संशयास्पद वाटू शकतात, आणि मग साध्या मर्यादेच्या प्रश्नाचा कार्ड बंद पडण्याचा प्रश्न होतो.

२. मंजुरी देणाऱ्याचा फोन तपासा

विनंती आली नाही असं ज्याला वाटतं त्याने नोटिफिकेशनची वाट बघत न बसता थेट अ‍ॅप उघडावं आणि प्रलंबित विनंत्यांची यादी बघावी. पुष्कळदा विनंती तिथे निवांत पडलेली असते. फक्त फोनने ती दाखवलेली नसते.

तसं असेल तर दोष खात्याचा नाही, फोनचा आहे. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याआड असलेली अ‍ॅप झोपवून ठेवतो. महिन्यातून दोनदा उघडलं जाणारं पेमेंटचं अ‍ॅप त्यात पहिलं सापडतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या एका अ‍ॅपवरचं बंधन काढा. आयफोनवर फोकस मोड लावलेला असेल, तर त्यात चालणाऱ्या अ‍ॅपच्या यादीत हे अ‍ॅप घाला. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू आहे ना, तेही बघा. घड्याळ चुकलेलं असेल तर काही अ‍ॅप विनंतीची मुदत संपली असं समजून तिला दाखवतच नाहीत.

आणि जुना फोन. मंजुरी नंबरावर नाही तर नोंदवलेल्या उपकरणावर जाते अशी अनेक अ‍ॅप आहेत. दादाने नवा फोन घेतला, सिम नव्यात घातलं, अ‍ॅपही टाकलं. पण मंजुरीसाठी विश्वासाचं उपकरण म्हणून जुनाच फोन नोंदलेला राहिला. तो कपाटात वायफायवर चालू असतो आणि आईच्या विनंत्या तिथे उजळून विझून जातात. खात्याच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथून जुनं काढा, नवं घाला.

३. मंजुरीची मुदत आणि पद्धत समजून घ्या

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दुकानात कार्ड लावलं की मशीनला काही सेकंदांत उत्तर लागतं. तेवढ्यात तुम्ही फोन खिशातून काढून, कुलूप उघडून, रक्कम वाचून ‘मंजूर’ दाबणं शक्य नाही. म्हणून काउंटरवरच्या कार्डाच्या बाबतीत यंत्रणा सहसा आधी पेमेंट नाकारते आणि मग तुम्हाला विचारते. तुम्ही हो म्हटलं की थोड्या मिनिटांची सवलत उघडते आणि त्या वेळात कार्ड पुन्हा लावावं लागतं. हे ठाऊक नसेल तर मंजुरी देऊनही पेमेंट झालं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्यांदा कार्ड लावायचं राहिलेलं असतं.

ऑनलाइन खरेदीत आणि अ‍ॅपमधून पैसे पाठवताना गोष्ट वेगळी. तिथे व्यवहार मधल्या पानावर थांबून राहू शकतो, तुम्ही मंजूर केलं की तोच पुढे जातो. पुन्हा प्रयत्न केला तर उलट दोनदा पैसे जाण्याची भीती. तेव्हा तुमचं खातं यातलं काय करतं ते एकदा छोट्या रकमेवर करून बघा: मंजुरीची सीमा तात्पुरती अगदी खाली आणा, आईला शेजारी बसवा, एक ऑनलाइन आणि एक दुकानातलं पेमेंट करा, मग सीमा जागेवर न्या.

मुदतही खात्यागणिक वेगळी असते. पैशांच्या व्यवहारात ती बहुतेक मिनिटांत मोजतात. अ‍ॅप स्टोअरची गोष्ट निराळी. अ‍ॅपलच्या कुटुंब खात्यात मुलाने खरेदीसाठी पाठवलेली विनंती २४ तास राहते आणि मग निघून जाते. एकाची सवय दुसरीकडे लावली की घोळ झालाच.

मंजुरी रकमेलाही बांधलेली असते. तुम्ही ८५० मंजूर केले आणि दुकानाने शेवटी घरपोच देण्याचा खर्च धरून ८९० मागितले, तर तो नवा व्यवहार झाला. जुनी मंजुरी त्याला लागू नाही.

दोन भावंडं मिळून मंजुरी देत असतील तर सेटिंगमध्ये ‘दोघांपैकी कोणीही’ आहे की ‘दोघंही’ ते बघा. ‘दोघंही’ असेल तर ताई हो म्हणून कामाला लागते, दादाला वाटतं ताईने केलंय, आणि विनंती अर्धवट मंजुरीत मुदत संपून मरते. रोजच्या खर्चासाठी ‘कोणीही एक’ ठेवा आणि दोघांची सही फक्त मोठ्या रकमेला ठेवा. माझं मत विचाराल तर औषधं आणि डॉक्टर यांना दोघांची मंजुरी कधीच लावू नये.

४. मर्यादेचा हिशेब स्वतः मांडा

पैसे शिल्लक दिसतात तरी नकार येतो, त्याचं खरं कारण बहुधा या पायरीवर सापडतं. अ‍ॅपचा ‘खर्च’ हा आकडा आणि मर्यादा मोजणारा आकडा हे दोन वेगळे असू शकतात.

कार्डाचं पेमेंट दोन टप्प्यांत होतं. आधी दुकान रक्कम राखून ठेवायला सांगतं, त्याला होल्ड म्हणतात. खरे पैसे एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा जातात. ‘खर्च’ या रकान्यात काही अ‍ॅप फक्त प्रत्यक्ष गेलेले पैसे दाखवतात, पण मर्यादेतून होल्ड लगेच वजा करतात. मधल्या दिवसांत दोन आकड्यांत फट पडते.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. आकडे कुठल्याही चलनात धरा. आईच्या कार्डाला महिन्याची मर्यादा ३,०००. महिन्यात आतापर्यंत ९०० गेलेत. तिने ऑनलाइन औषधं मागवली, १,४००. होल्ड लागला. संध्याकाळी विक्रेत्याने कळवलं की एक गोळी नाही, ऑर्डर रद्द केली आहे, नव्याने मागवा. तिने दुसऱ्या कंपनीची गोळी घालून पुन्हा मागवली, १,४५०. नाकारलं.

अ‍ॅप म्हणतं खर्च ९००, म्हणजे २,१०० शिल्लक. १,४५० त्यात सहज बसतात. पण मर्यादेचा हिशेब असा चाललाय: ९०० अधिक पहिल्या ऑर्डरचा होल्ड १,४०० म्हणजे २,३००. उरले ७००. विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली, मात्र होल्ड सोडल्याचा निरोप बँकेला पाठवला नाही. असा होल्ड मग मुदत संपेपर्यंत लटकतो, आणि ती मुदत कित्येक दिवसांची असते.

खातरी करायची तर व्यवहारांच्या यादीत ‘प्रलंबित’ असं लिहिलेल्या रकमा शोधा, त्या खर्चात मिळवा आणि बेरीज मर्यादेशी ताडून बघा. जुळली तर उपाय दोन. विक्रेत्याला होल्ड सोडायला सांगा, हा उत्तम. औषध आजच हवं असेल तर ते स्वतःच्या कार्डाने भरा. मर्यादा वाढवायचीच वेळ आली, तर ‘फक्त या महिन्यापुरती’ असा पर्याय असेल तरच वाढवा. नसेल तर ती परत खाली आणण्याची आठवण त्याच क्षणी फोनमध्ये लावा.

हॉटेल, भाड्याची गाडी आणि माणूस नसलेला इंधन पंप इथे होल्ड खऱ्या बिलापेक्षा मोठा लागतो, कारण अंतिम रक्कम आधी माहीत नसते. कॉलेजातल्या मुलाचं कार्ड प्रवासात अचानक अडतं ते बहुतेक यामुळे.

याच पायरीवर अजून दोन गोष्टी बघून घ्या. एक, ‘महिना’ कुठून कुठे: पहिल्या तारखेपासून, खातं उघडलं त्या तारखेपासून, की मागचे ३० दिवस. तिसऱ्या प्रकारात एक तारखेला काहीच नव्याने सुरू होत नाही. जुना खर्च एकेक दिवसाने गळत जातो. दोन, परत आलेले पैसे शिल्लकीत जमा होतात, पण सगळीकडे मर्यादेत परत मिळत नाहीत. मुलाने ७०० चे बूट घेऊन परत केले, तरी त्याच्या महिन्याच्या मर्यादेतून ७०० गेलेलेच राहू शकतात.

५. दुकानाचा प्रकार

कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक दुकानाला त्याची बँक चार आकडी कोड देते. `5411` किराणा, `5912` औषधं, `5816` डिजिटल खेळ, `7995` जुगार. तुम्ही मुलाच्या कार्डावर ‘गेम बंद’ असं लावलं, म्हणजे प्रत्यक्षात काही कोड बंद केले. यंत्रणेला टोपलीत काय आहे ते दिसत नाही, फक्त दुकानाची पाटी दिसते.

त्यामुळे चूक दोन्हीकडून होते. वह्या-पेन विकणारं दुकान खेळण्यांच्या कोडखाली नोंदलेलं असेल तर वह्या अडतात. आणि मुलाने कार्डातून आधी एखाद्या वॉलेटमध्ये पैसे भरले आणि वॉलेटमधून गेम घेतला, तर तुमच्या यंत्रणेला फक्त वॉलेट भरल्याचं दिसतं. मंजुरी न मागता पैसे गेले, या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. वॉलेट भरण्यावर वेगळी बंदी किंवा मंजुरी लावता येते का ते बघा. ती नसेल तर ‘गेम बंद’ या बटणावर फार विसंबू नका.

नाकारलेल्या नोंदीच्या तपशिलात बऱ्याचदा प्रकार लिहिलेला असतो. तो बंद यादीत असेल तर अख्खा प्रकार उघडू नका, त्या एका दुकानाला सूट देण्याची सोय शोधा.

६. आपोआप कटणाऱ्या वर्गण्या

मंजुरीशिवाय गेलेल्या पैशांचं दुसरं कारण हे. पहिल्या वेळी ग्राहकाने होकार दिला की पुढची वसुली विक्रेता स्वतः मागतो. त्या वेळी कार्डधारक समोर नसतो, म्हणून काही यंत्रणा मंजुरी मागतच नाहीत. मोफत चाचणीच्या महिन्यात मुलाने कार्ड भरलं, तेव्हा रक्कम शून्य होती, मंजुरीच्या सीमेच्या खूप खाली. महिन्याने पूर्ण वर्गणी कटली.

मर्यादा कमी केल्याने हे थांबत नाही. विक्रेता नकार मिळाला की पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा मागत राहतो, आणि मर्यादा मोकळी झाली की तीच रक्कम पहिली जाते. वर्गणी विक्रेत्याकडेच रद्द करा, रद्द झाल्याचं तिथून लेखी उत्तर मिळवा, मग अ‍ॅपमधली साठवलेली परवानगी काढा. उलट क्रमाने केलं तर विक्रेत्याच्या लेखी ग्राहक थकबाकीदार राहतो.

७. शेवटी: सदस्य काढून पुन्हा जोडणं

वरचं सगळं बघून झालं, हिशेब जुळला, फोनही ठीक, तरी विनंत्या येत नाहीत, तरच इथे या. काढून जोडलं की मर्यादा, सूट दिलेली दुकानं, मंजुरी देणाऱ्यांची यादी हे सगळं पुसलं जातं. आधी प्रत्येक सेटिंगचा फोटो घ्या. प्रलंबित होल्ड आणि वाटेत असलेला परतावा उरला नाही ना ते बघा, कारण बंद केलेल्या कार्डावर आलेला परतावा सोडवून घ्यायला बँकेच्या मागे लागावं लागतं.

हे काम आईबाबांच्या शेजारी बसून करा, फोनवरून नाही. ओटीपी त्यांच्या फोनवर येतो, आणि ‘फोनवर कोणी मागितला तर ओटीपी सांगायचा’ ही सवय तुम्हीच लावू नये. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे पुष्कळदा झिजलेले असतात आणि फोनच्या सेन्सरला नीट ओळखू येत नाहीत. पुन्हा जोडताना दोन-तीन बोटं नोंदवा आणि पिनचा पर्यायही चालू ठेवा. त्यांचा पिन त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्ही त्यांच्या पिनने व्यवहार करायला लागलात की नोंदीत ते पैसे त्यांनीच खर्च केलेले दिसतात, आणि उद्या वाद झाला तर बँकही तसंच म्हणेल.

इथे थांबा

- ओळखीचा नसलेला व्यवहार गेला असेल तर तपासण्या करत बसू नका. आधी कार्ड किंवा खातं गोठवा आणि बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरावर फोन करा. उशिराने नुकसानभरपाईचा हक्क कमी होऊ शकतो.
- मोठ्या रकमेची विनंती आली आणि फोन केल्यावर आई म्हणाली की कोणीतरी लाइनवर आहे, ते सांगतायत तसं करतेय, तर विनंती नाकारा, तिला तो फोन ठेवायला लावा आणि बँकेला कळवा.
- पिन दोनदा चुकला असेल तर तिसरा अंदाज करू नका. साधारणपणे तिसऱ्या चुकीला कार्ड बंद होतं, पिन मात्र बँकेकडून रीतसर बदलून मिळतो.
- मुलाची जन्मतारीख चुकीची नोंदली आहे, किंवा खातं ओळखपत्राच्या तपासणीत अडकलं आहे, असा निरोप असेल तर ते अ‍ॅपमधून सुटत नाही. कागद घेऊन बँकेकडे जा.
- बाबांना आपण काय मंजूर केलं तेच आठवत नाही, एकच बिल ते तीनदा भरतात, असं दिसू लागलं तर आणखी घट्ट मर्यादा हा त्यावर उपाय नाही. त्यांच्या खात्यावर त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा कायदेशीर अधिकार लागतो. तो त्यांना समजून सही करता येते तोवर घेणं सोपं असतं, म्हणून वकिलाची भेट त्याच आठवड्यात ठरवा.